सुडोकू: पेन्सिलच्या खुणा कधी करायच्या?

सुडोकू सोडवणाऱ्यांत दोन पंथ असतात. पहिल्या पंथातले लोक कोडे समोर आले की प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे आकडे बारीक लिहून काढतात आणि मगच विचाराला लागतात. दुसऱ्या पंथाला खुणा करणे कमीपणाचे वाटते. ते नुसत्या नजरेने सोडवतात आणि अडले की वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. आम्हाला दोन्ही टोके पटत नाहीत. खुणा करायच्याच, पण कोणत्या आणि कोणत्या क्षणी, हे ठरवता आले पाहिजे.

त्यासाठी एक फरक लक्षात घेऊ. आकडा दोन तऱ्हांनी पक्का होतो. कधी एखाद्या आकड्याला चौकटीत एकच घर उरते, तर कधी एखाद्या घराला एकच आकडा उरतो. पहिली तऱ्हा नजरेला सहज दिसते आणि तिला खुणा लागत नाहीत. उलट घराघरात तीन-तीन, चार-चार बारीक आकडे असले तर ती त्या गर्दीत हरवते. दुसरी तऱ्हा नुसत्या नजरेला अवघड, कारण तिथे ओळ, रकाना आणि चौकट असा तिन्हींचा हिशेब एकदम ठेवावा लागतो. म्हणून आधी नजर, मग थोड्या खुणा, आणि अगदीच अडले तर पूर्ण खुणा, हा क्रम.

एक कोडे घेऊनच पाहू. ओळी वरून खाली आणि रकाने डावीकडून उजवीकडे मोजायचे.

```
१ ७ . | . ८ . | . . .
३ . . | ४ ६ १ | . . .
. ६ ५ | . . . | . ३ .
------+-------+------
५ . . | . ३ . | . . ७
२ . . | ५ . ७ | . . ४
८ . . | . ९ . | . . ३
------+-------+------
. ३ . | . . . | ९ ५ .
. . . | २ ४ ६ | . . १
. . . | . ५ . | . ८ ६
```

यात एक्कावन्न घरे रिकामी आहेत. सुरुवातीलाच प्रत्येकात सरासरी तीन खुणा केल्या तरी दीडशेच्या वर बारीक आकडे होतात आणि वर्तमानपत्राचा कागद खोडरबराला किती टिकतो हे सर्वांना ठाऊक आहे.

आधी नजर फिरवू. ५ हा आकडा घ्या. सातव्या आणि नवव्या ओळीत ५ आहे, म्हणजे खालच्या डाव्या चौकटीतला ५ आठव्या ओळीतच बसणार. पहिल्या रकान्यात ५ आहे, तिसऱ्यातही आहे. उरले आठव्या ओळीतले दुसरे घर. तिथे ५ लिहा. एकही खूण लागली नाही.

दुसऱ्या तऱ्हेसाठी जिथे आकड्यांची दाटी आहे तिथे पाहायचे. पाचव्या रकान्यात सहा आकडे आधीच आहेत: ८, ६, ३, ९, ४, ५. उरले १, २, ७. आता अगदी मधले घर पहा. त्याच्या ओळीत २ आणि ७ दोन्ही आहेत, म्हणून तिथे १. नुसता १ हा आकडा घेऊन मधली चौकट तपासली असती तर त्याला तीन घरे दिसली असती आणि आपण पुढे गेलो असतो. आता या रकान्यात २ आणि ७ उरले. खालच्या मधल्या चौकटीत २ आहे, म्हणून सातव्या ओळीत ७ आणि तिसऱ्या ओळीत २. रकाना पूर्ण झाला, पेन्सिल अजून खिशातच आहे.

आता तीच खालची मधली चौकट घ्या. तिथे १, ३, ८, ९ हवे आहेत. ३ आणि ९ सातव्या ओळीत आधीच आहेत, म्हणून या चौकटीत ३ साठी दोनच घरे उरतात: नवव्या ओळीतले चौथे आणि सहावे. ९ साठीही तीच दोन. पेन्सिल उचलायची ती इथे. दोन्ही घरांच्या कोपऱ्यात ३ आणि ९ बारीक लिहा.

आमचा नियम असा: चौकटीत एखाद्या आकड्याला नेमकी दोन घरे उरली तरच कोपऱ्यात खूण. तीन घरे असली तर काही लिहायचे नाही, कारण तीन घरांची खूण पुढे क्वचितच काही सांगते आणि जागा मात्र खाते. अपवाद एकच: तिन्ही घरे एका ओळीत किंवा एका रकान्यात आली तर ते ध्यानात ठेवावे. या पद्धतीला थॉमस स्नायडर या अमेरिकन खेळाडूच्या नावाने ओळखतात. २००८ ची जागतिक सुडोकू स्पर्धा आपल्या गोव्यात झाली होती, ती जिंकणारा हाच स्नायडर.

आता या चार बारीक आकड्यांनी काय मिळते ते पहा. दोन घरांत ३ आणि ९ च बसणार, म्हणून १ आणि ८ यांना सातव्या ओळीतलीच चौथे आणि सहावे ही घरे उरली. सहाव्या रकान्यात १ आहे, तेव्हा सहाव्या घरात ८ आणि चौथ्यात १.

शेजारच्या उजव्या चौकटीत ३ शोधू. सातव्या ओळीत ३ आहे, आठव्या आणि नवव्या रकान्यांतही आहे. उरला सातवा रकाना. नवव्या ओळीतला ३ तर आपल्या खुणांनी मधल्या चौकटीसाठी राखून ठेवला आहे. म्हणून ३ आठव्या ओळीत, सातव्या घरात. (तीक्ष्ण नजरेला हा ३ आठव्या ओळीवरूनही सापडेल, तसे असेल तर उत्तमच.) आता आठव्या ओळीत ७, ८, ९ उरले. आठव्या घराच्या रकान्यात ८ आहे आणि चौकटीत ९ आहे, म्हणून तिथे ७. पहिल्या रकान्यात ८ आहे, म्हणून पहिल्या घरात ९ आणि तिसऱ्यात ८. आठवी ओळ संपली.

हे कोडे शेवटपर्यंत असेच सुटते, पूर्ण खुणांची गरज पडत नाही. अवघड कोड्यांत मात्र ती पडते. ती वेळ कशी ओळखायची? १ ते ९ अशी एक पूर्ण फेरी घ्या, मग दाटीच्या ओळी, रकाने आणि चौकटी तपासा. अशा सलग दोन फेऱ्यांत एकही आकडा बसला नाही आणि दोन घरांची एकही नवी खूण झाली नाही, तर नजरेचे काम संपले. फेरीत एक जरी आकडा मिळाला तरी पूर्ण खुणांकडे वळू नये. त्या आकड्याच्या ओळीत, रकान्यात आणि चौकटीत पुन्हा पाहावे, बहुतेक वेळा तिथेच पुढचा धागा असतो.

पूर्ण खुणा करतानाही सगळ्या कोड्यात एकदम करू नका. ज्या ओळीत, रकान्यात किंवा चौकटीत चार-पाचच घरे रिकामी आहेत ती निवडा आणि तिच्यातल्या प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे आकडे लिहा. दोन घरांत भरून तिसरे सोडले तर त्या खुणांवरून काहीच ठरवता येत नाही. आणि हे आकडे घराच्या मध्यभागी लिहा, कोपऱ्यात नव्हे. कोपऱ्यातला ३ म्हणजे ‘या चौकटीतला ३ अशा दोन घरांपैकी एकात आहे’. मध्यभागी ३ आणि ९ लिहिले म्हणजे ‘या घरात ३ किंवा ९ च येईल’. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोपऱ्यातली एकटी खूण मध्यभागीची समजून वाचली की कोडे बरेच पुढे गेल्यावर एका ओळीत दोन ७ निघतात आणि चूक नेमकी कुठे शिरली ते सापडत नाही.

आकडा पक्का लिहिला की त्याच्या ओळीतली, रकान्यातली आणि चौकटीतली तीच खूण त्याच वेळी पुसायची, नंतर नाही. एखाद्या घरातल्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या आणि आकडा मात्र बसला नाही, तर आधीचा कुठला तरी आकडा चुकला आहे असे समजा. तेव्हा पुढे न जाता शेवटचे चार-पाच आकडे एकेक करून तपासा.