संगणक सुरू झाला म्हणजे पिन बसली असे नाही

लहान गावात ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन मागवून घरीच बसवायचे, तर पॉवर कनेक्टर तपासायचा तो बसवणाऱ्यानेच. त्यात सगळ्यात घातक समजूत म्हणजे 'स्क्रीन आली, पंखे फिरले, म्हणजे जोडणी पक्की'. संगणक नुसता चालू असताना कार्ड फार थोडी वीज घेते, आणि अर्धवट बसलेल्या पिनाही तेवढी पुरवतात. खरी परीक्षा गेम किंवा रेंडरिंग सुरू झाल्यावर होते.

हिशेब पाहा. जुना सहा अधिक दोन पिनांचा कनेक्टर 150 वॅटसाठी असतो. 12 व्होल्टवर तो साडेबारा अँपिअर प्रवाह तीन पिनांत वाटतो, म्हणजे प्रत्येकीवर चारच्या आसपास. या पिना त्याच्या जवळपास दुप्पट सोसू शकतात. नव्या बारा पिनांच्या कनेक्टरवर आरटीएक्स 5090 सारखे 575 वॅटचे कार्ड चालते. तिथे सुमारे 48 अँपिअर सहा पिनांत वाटले जातात, प्रत्येकीवर आठ. पिनेची मर्यादा साडेनऊच्या आत आहे. एखादी पिन नीट टेकली नाही, तर तिचा भार बाकीच्यांवर जातो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळते. ऑक्टोबर 2022 मध्ये आरटीएक्स 4090 बाजारात येताच अशा तक्रारी सुरू झाल्या. कनेक्टर पूर्ण न बसणे हे त्यामागचे नेहमीचे कारण असल्याचे एनव्हीडियाने सांगितले.

'सेन्स पिना आहेत, त्या सांभाळतील' हेही अर्धेच खरे. या बारीक पिना केबल किती वॅटची आहे एवढेच कार्डाला कळवतात. कोणत्या तारेतून किती प्रवाह जातो हे त्यांना कळत नाही. 2023 मधल्या सुधारित 12V-2x6 मध्ये त्या आखूड केल्या, म्हणून कनेक्टर बराच सैल असेल तर कार्ड पूर्ण वीज घेतच नाही. वितळण्याचा धोका त्याने कमी झाला, संपला नाही.

जुन्या कनेक्टरमधल्या दोन पिनांचा तुकडा 'जादाचा' समजून मोकळा सोडू नका. आठ पिनांच्या सॉकेटमध्ये तो सहांच्या खाचेत अडकवून दोन्ही एकदमच दाबायचे. प्रोसेसरचा चार अधिक चार पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच, पण त्याची ध्रुवता उलटी. तो इथे जबरदस्तीने घालू नका. दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची केबलही वापरू नका.

बसवताना वीज बंद करून प्लग काढा. कनेक्टर सरळ धरून, खटका अडकेपर्यंत अंगठ्याने दाबा. बारा पिनांमध्ये खटक्याचा आवाज कधी कधी येतच नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. टॉर्च लावून बाजूने बघा: फट दिसता कामा नये. हलके ओढून बघा. वळण कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटिमीटर सोडून द्या आणि कॅबिनेटचे झाकण केबलला दाबत नाही ना ते पाहा.

भार येताच स्क्रीन काळी पडली, जळका वास आला किंवा कनेक्टरवर तपकिरी डाग दिसला, तर तो पुन्हा दाबून चालवू नका. संगणक बंद करा आणि कार्ड व केबल दोन्ही तपासून घ्या.