अ‍ॅडॅप्टर शीळ घालतो तेव्हा

गेममध्ये मोठं युद्ध सुरू झालं, पडद्यावर धूर आणि आग भरली, की कन्सोलमधून बारीक शीळ ऐकू येते. मेन्यूवर परतलं की तिचा सूर बदलतो आणि कन्सोल बंद केला की ती थांबते. घरात ती आधी मुलांना ऐकू येते, आजोबांना बहुधा येतच नाही, कारण वयाबरोबर कानाला वरचे सूर कमी जाणवू लागतात. म्हणून मूल अशी तक्रार करत असेल तर "तुला भास होतोय" म्हणून उडवून लावू नये. आवाज खरा असतो. तो दोषाचा आहे की नाही, हे मात्र तो कधी येतो आणि कसा बदलतो यावरून ठरवावं लागतं.

भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्ट वीज येते, कन्सोलला मात्र साधारण १२ व्होल्टची डीसी वीज लागते. हा बदल पॉवर सप्लाय करतो. प्लेस्टेशन ५ मध्ये तो कन्सोलच्या पोटातच आहे. २००५ चा एक्सबॉक्स ३६० आणि २०१३ चा एक्सबॉक्स वन यांचा सप्लाय मात्र बाहेर, विटेएवढ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये होता आणि त्यात स्वतंत्र छोटा पंखाही होता. या सप्लायमधले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा चालू-बंद होतात. दर वेळी तांब्याच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर, चुंबकीय ओढ बसते आणि तार व तिचा गाभा किंचित हलतात. हे हलणं इतकं जलद असतं की ते ऐकू येऊ नये, कारण माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत पोचतो.

तरीही ते ऐकू येतं, कारण विजेची मागणी एकसारखी नसते. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा नव्याने काढलं जातं. दर चित्राला प्रोसेसर जोरात वीज ओढतो आणि क्षणभर सैलावतो. कॉइलवरची ओढ त्याच तालात कमी-जास्त होते, आणि तो ताल व त्याच्या पटीतले सूर कानाच्या टप्प्यात येतात. याला कॉइल व्हाइन म्हणतात. बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेजबरोबर सूक्ष्म फुगतात-आकसतात आणि त्या आवाजात भर घालतात.

दुसरं कारण अगदी उलट आहे. कन्सोल बंद असून प्लग लावलेला असतो तेव्हा मागणी फार कमी असते. मग वीज वाचवायला सप्लाय सतत चालत नाही, मधूनमधून स्विचिंगचे छोटे झुपके सोडतो. या झुपक्यांचा वेग ऐकू येण्याजोगा असतो, म्हणून रात्री शांत खोलीत अ‍ॅडॅप्टर रातकिड्यासारखा किर्र करतो. यात बिघाड काही नाही. नव्या कन्सोलला पहिल्या दिवसापासून शीळ असेल, ती दृश्याबरोबर लगेच बदलत असेल आणि गेम बिनबोभाट चालत असतील, तर ती त्या यंत्राची घडण समजावी. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एक वाजतो आणि दुसरा गप्प असतो, कारण कॉइलवरचं वार्निश किंवा गोंद प्रत्येकात सारखा घट्ट बसत नाही.

पंख्याचा आवाज यापासून वेगळा काढणं सोपं आहे. पंखा हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, कॉइल मात्र गेम पॉज करताच सूर बदलते. आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला वर्तमानपत्राची गुंडाळी कानाला लावून तिचं दुसरं टोक अ‍ॅडॅप्टरवर, मग कन्सोलवर फिरवावं.

अ‍ॅडॅप्टर जाडसर, खालच्या स्वरात घुमत असेल तर आधी घरातली वीज पाहावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असते आणि तिची घुमणी बहुधा दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्‌झची ऐकू येते. साध्या इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी पायऱ्यांनी येते, तिच्यावर अ‍ॅडॅप्टर हमखास जोरात घुमतो. वीज परत आली की आवाज गेला, तर दोष इन्व्हर्टरच्या लाटेचा आहे. तेवढा वेळ गेम बंद ठेवणं उत्तम. एक्स्टेंशन बोर्ड काढून प्लग थेट भिंतीत लावून पाहणंही याच तपासात येतं.

आता खऱ्या बिघाडाचं उदाहरण. आमच्या ओळखीच्या एका घरात जुना कन्सोल होता, त्याचा अ‍ॅडॅप्टर बाहेरचा. कित्येक वर्षं तो गप्प होता. मग जड गेम लावला की शीळ येऊ लागली, आणि काही आठवड्यांनी ती साध्या मेन्यूवरही येऊ लागली. पुढे फुटबॉलचा सामना रंगात असताना कन्सोल एकदम बंद पडायला लागला. प्लग काढून थोड्या वेळाने लावला की पुन्हा चालू. भिंतीतला सॉकेट बदलून पाहिला, फरक पडला नाही. दुरुस्तीवाल्याने मीटर लावला तेव्हा मेन्यूवर १२ व्होल्ट बरोबर होते, पण गेम सुरू होताच आकडा साडेदहाच्या खाली घसरत होता. त्याने अ‍ॅडॅप्टर उघडला. आउटपुटच्या बाजूच्या दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची सपाट डोकी फुगून वर आली होती आणि एकाच्या बुडाशी तपकिरी खपली होती.

या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो वर्षानुवर्षं सुकत जातो. साधारण दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, त्यामुळे गादीवर किंवा टीव्हीमागच्या बंद कोपऱ्यात कोंबलेला अ‍ॅडॅप्टर लवकर जातो. सुकलेला कपॅसिटर विजेतले चढउतार गिळू शकत नाही. मग सप्लायचं नियंत्रण अडखळतं, स्विचिंगची लय बिघडते आणि आजवर गप्प असलेली कॉइल बोलायला लागते. म्हणजे या घरात शीळ हा रोग नव्हता, कपॅसिटर मरत असल्याची ती खूण होती. दुसरा योग्य अ‍ॅडॅप्टर लावला आणि शीळही गेली, बंद पडणंही थांबलं.

ठरावीक अंतराने टिक... टिक... असा आवाज येत असेल आणि कन्सोल सुरूच होत नसेल, तर सप्लाय चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि त्याची सुरक्षा यंत्रणा त्याला दर वेळी थांबवते आहे. अ‍ॅडॅप्टर बाहेरचा असेल तर कन्सोलकडची पिन काढून पाहावी. टिकटिक थांबली तर शॉर्ट बहुधा कन्सोलमध्ये आहे, चालूच राहिली तर अ‍ॅडॅप्टरच गेलेला आहे.

एका आवाजाला मात्र तपासत बसू नये. चरचर किंवा तडतड, सोबत जळका किंवा मासळीसारखा वास, प्लगच्या पिनांवर तपकिरी डाग, हात ठेवता येणार नाही इतकं तापलेलं आवरण, यांपैकी काहीही दिसलं तर कुठेतरी ठिणगी उडत असू शकते. बोर्डाचं बटण कोरड्या हाताने बंद करावं, मग प्लग काढावा आणि तो अ‍ॅडॅप्टर पुन्हा लावू नये.

अ‍ॅडॅप्टर घरी उघडायचाही नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त विद्युतभार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. शीळ थांबवण्यासाठी कॉइलवर गोंद ओतण्याचे व्हिडिओ पाहून हात घालणाऱ्यांना याच ठिकाणी शॉक बसतो.

नवा अ‍ॅडॅप्टर घेताना लेबलवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त असले पाहिजेत, पिन आणि तिची ध्रुवता तीच असली पाहिजे आणि बीआयएसची खूण असली पाहिजे. दुरुस्तीला जाताना फोनवर आवाज रेकॉर्ड करून न्या, कारण दुकानात रिकामा चालवलेला कन्सोल बहुधा गप्प राहतो.