परत आलेल्या ओढणीचा हिशेब

माझी भाची नागपुरात मोमीनपुऱ्यातल्या घरातून सुती ओढण्या ऑनलाइन विकते. माल गांधीबागेतून ३०० रुपयांना आणायचा, ५०० ला विकायचा. एके दिवशी ती म्हणाली, "मामू, एका ओढणीमागे ७० रुपये सुटतात. दोनशे नग अजून उचलू का?" पैसे बचत गटाच्या कर्जातून येणार होते. म्हटले, आधी मार्चचा सेटलमेंट रिपोर्ट दाखव.

हा रिपोर्ट म्हणजे कंपनीने कशापोटी किती कापले, याचा तक्ता. ५०० मधून कमिशन ५०, वाहतूक ६० आणि या ११० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २० रुपये, असे १३० कापले होते. हातात आले ३७०. त्यातून मालाचे ३०० वजा केले, की तिचे ७० उरतात. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्या राज्यापुरते जीएसटी नोंदणीशिवायही ऑनलाइन विकता येते, ही त्यांपैकीच. पण नोंदणी नाही म्हणून ते २० रुपये परत मिळत नाहीत, खर्चातच जातात.

पिशवी, टेप आणि लेबलचे १२ रुपये तिने धरलेच नव्हते. म्हणजे नफा ५८ वर आला. खरा घोळ पुढेच होता.

मार्चमध्ये १०० ओढण्या गेल्या, २० परत आल्या. परतीच्या प्रत्येक ओढणीवर कमिशन माफ झाले, पण वाहतुकीचे करासह १२० रुपये कापले गेले आणि १२ रुपयांचे पॅकिंगही वाया गेले. यांपैकी बऱ्याच कपाती एप्रिलच्या तक्त्यात होत्या, म्हणून मार्च गोजिरा दिसत होता. दोन्ही तक्ते समोर ठेवून ऑर्डर क्रमांकावरून प्रत्येक परती तिच्या मूळ विक्रीशी जुळवली, तेव्हा चित्र उघडे पडले.

गिऱ्हाइकांनी ठेवून घेतलेल्या ८० ओढण्यांवर ५८ प्रमाणे ४,६४० रुपये मिळाले. वीस परतींचे १३२ प्रमाणे २,६४० गेले. परत आलेल्यांपैकी पाच डागाळलेल्या होत्या. त्यांचे १,५०० बुडाले. उरले ५०० रुपये. ऐंशीने भागले, तर एका ओढणीमागे सव्वासहा!

ती गप्प बसली. मग आम्ही परतीची कारणे वाचली. बहुतेकांचे म्हणणे एकच: रंग फोटोसारखा नाही. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले होते.

दोनशे नगांचा बेत थांबला. तिने गच्चीवर, सकाळच्या उजेडात नवे फोटो काढले आणि लांबी-रुंदी लिहिली. परती दहावर आल्या आणि त्यांत डागाळलेल्या दोनच निघाल्या, तर त्याच शंभर ऑर्डरींत ३,३०० रुपये उरतील. म्हणजे विकल्या गेलेल्या ओढणीमागे सुमारे ३७. कर्ज घ्यायचे की नाही, हे ती पुढच्या दोन महिन्यांचे तक्ते जुळवून ठरवणार आहे.