मेसच्या ताटातली तूट

पुण्यातल्या साध्या मेसच्या ताटात तीन पोळ्या, एक भाजी, वाटीभर वरण आणि भात असतो. पोट भरते, पण प्रथिने जेमतेम 15-16 ग्रॅम मिळतात. त्यातलीही बरीचशी पोळ्यांची, कारण वरणात डाळ शोधावी लागते. दोन वेळचे जेवण आणि सकाळचे पोहे धरून दिवसाची बेरीज 40 ग्रॅमच्या आसपास अडते. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात. 60 किलोच्या मुलाला म्हणजे 96 ग्रॅम हवीत. तूट झाली 56 ग्रॅमची.

ती सर्वांत स्वस्तात भरून काढतात सोयाबीनच्या वड्या. तेल काढून उरलेल्या सोयापिठाच्या या वड्यांत प्रथिने वजनाच्या जवळजवळ निम्मी असतात. मात्र कोरड्या वजनाच्या. भिजल्यावर वड्या तिपटीने जड होतात, आणि शिजलेली वाटी मोजून पाकिटावरचा आकडा लावणाऱ्याचा हिशेब तिथेच फसतो. रोज 50 ग्रॅम कोरड्या वड्यांतून 26 ग्रॅम मिळतात. 200 ग्रॅमचे पाकीट चार दिवसांत संपले, तर माप बरोबर आहे.

गॅस नसलेल्या खोलीतही त्या होतात. किटलीत उकळलेले मीठपाणी वड्यांवर ओतून 15 मिनिटे झाकून ठेवावे, मग घट्ट पिळून गार पाण्यातून काढून पुन्हा पिळावे. उग्र वास त्या पाण्याबरोबर जातो आणि पिळलेली वडी मेसचा रस्सा छान शोषते. पहिला आठवडा निम्मेच प्रमाण ठेवावे, नाहीतर पोटात वायू धरतो आणि खोलीतले सोबतीही वैतागतात.

चार अंड्यांतून 24 ग्रॅम येतात. पिवळा बलक टाकून देण्याची जिमची फॅशन गरीब विद्यार्थ्याला परवडणारी नाही, कारण अंड्यातली सुमारे 40 टक्के प्रथिने त्या बलकातच असतात. कच्चे अंडे दुधात फेटून पिण्यातही तोटाच आहे: उकडलेल्या अंड्याच्या मानाने त्यातली बरीच कमी प्रथिने अंगी लागतात, शिवाय जंतुसंसर्गाची भीती.

शेंगदाण्यांकडून प्रथिनांची फार अपेक्षा ठेवू नये. 30 ग्रॅमच्या मुठीत ती सातच ग्रॅम असतात. पण सोबत सुमारे 170 कॅलरी येतात आणि हडकुळ्या मुलाला त्यांचीच गरज असते. महिनाभर व्यायाम करूनही वजनाचा काटा हलत नसेल, तर बहुधा एकूण जेवणच कमी पडते आहे. तेव्हा दुसरी मूठ वाढवावी. पोट सुटू लागले, तर तीच आधी कमी करावी. बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा कडवट दाणे भाजून खपवू नयेत, कारण बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

एकूण 57 ग्रॅम झाले. अंडे सात रुपयांना धरले, तर अंड्यांचे 28 आणि वड्या-दाण्यांचे बारा-तेरा, असा रोजचा खर्च चाळीसच्या घरात जातो. महिनाअखेरीस हात आखडला, तर दोन अंडी कमी करून 25 ग्रॅम वड्या वाढवाव्यात. प्रथिने तेवढीच राहतात आणि दिवसाचे दहा रुपये वाचतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही वाढवू नये.