खुर्ची रिकामी का राहते?

दातांच्या दवाखान्यात हमखास चुकते ती रूट कॅनालची दुसरी सिटिंग. पहिल्या सिटिंगला दातातली सडलेली नस काढतात, आत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरतात आणि ठणका थांबतो. ठणका थांबला की दवाखानाही विसरला जातो. पण तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजते, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात आणि रुग्ण परततो तो सूज घेऊनच. इकडे डॉक्टरांनी त्याच्यासाठी राखलेला तास फुकट गेलेला असतो.

म्हणून पहिला उपाय त्याच दिवशी करायचा असतो. रुग्ण खुर्चीवरून उठण्याआधी त्याला सांगावे, की दुखणे थांबले तरी काम अर्धेच झाले आहे. पुढची तारीख तो बाहेर पडण्यापूर्वी ठरवावी, आणि उपचाराला चालत असेल तर आठवड्याच्या आतली. तारीख जितकी लांबची, तितकी ती चुकण्याची शक्यता जास्त. शक्यतो ती रुग्णालाच मोबाइलमध्ये किंवा कार्डावर लिहू द्यावी; आपल्या हाताने लिहिलेले सहसा लक्षात राहते.

त्यानंतर येते आठवण. तिचे काम केवळ स्मरण देण्याचे नाही. ज्याला जमणार नाही त्याच्याकडून तो नकार लवकर काढून घेणे हे तिचे खरे काम. समजा, मंगळवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ आहे. रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर मजकूर जातो: ‘मंगळवारी सायं. ६.३० वाजता आपली वेळ राखली आहे. येणार असाल तर १, वेळ बदलायची असेल तर २ पाठवा.’ सोमवारी दुपारपर्यंत उत्तर आले नाही, तर रिसेप्शनवरून एक फोन. ‘नाही जमणार’ असे कळले, की लवकर वेळ हवी असलेल्यांच्या यादीतल्या पहिल्या नावाला विचारायचे. सोमवारी सुटलेली वेळ भरता येते. मंगळवारी पावणेसातला सुटलेली वेळ गेलीच. रद्द करणे सोपे ठेवायचे ते याचसाठी. ‘डॉक्टर रागावतील’ या संकोचाने फोन न करणारे रुग्ण थोडे नसतात. मजकुरात आजाराचे नाव मात्र घालू नये, कारण फोन अनेकदा घरातल्या सगळ्यांच्या हाती असतो.

मजकुराच्या शब्दांनीही फरक पडतो. लंडनमधल्या बार्ट्स रुग्णालयांत २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. नेहमीचा संदेश मिळालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोक आले नाहीत. ‘न आल्यास सरकारी आरोग्यसेवेचे अंदाजे १६० पौंड वाया जातात’ असे वाचलेल्यांत हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या थोडे वर होते. खासगी दवाखान्याला सरकारी तिजोरीचा दाखला देता येत नाही. पण ‘ही वेळ दुसऱ्या रुग्णाला देता येईल, म्हणून कळवा’ एवढे लिहिता येते.

अनामत रकमेचा प्रश्न नाजूक आहे. दवाखान्यात दुखणे घेऊन आलेल्याकडे ती मागूच नये. कॅप बसवायची असेल तर लॅबच्या खर्चापोटी ॲडव्हान्स घेण्याची पद्धत आहेच, तेवढी पुरे. सलूनचे गणित वेगळे. साध्या केस कापण्याला टोकन नको; ती खुर्ची दारातून आलेले दुसरे गिऱ्हाईक भरते. पण तीन-चार तासांचे केरॅटिन किंवा लग्नसराईतला नवरीचा मेकअप यासाठी कारागीर अडकून राहतो, तिथे टोकन रास्त ठरते. रक्कम बिलातून वळती व्हावी, २४ तास आधी कळवल्यास पुढच्या तारखेला धरावी, आणि हा नियम वेळ देतानाच लेखी कळवावा.

नंतर लावलेला दंड उलटण्याची भीती असते. इस्रायलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तेव्हा उशीर कमी न होता वाढला. पैसे भरले म्हणजे उशिराचा हक्क मिळाला, असा पालकांनी अर्थ घेतला. दंड काढून घेतल्यावरही जुनी शिस्त परतली नाही.

एकाच वेळेला दोघांना बोलावण्याचा मोह अनेकांना होतो. दोघेही आले की मागचे सगळे पाऊण तास ताटकळतात. ज्या दवाखान्यात साडेसहाची वेळ सव्वासातला लागते, तिथे लोक ती वेळ पाळणे सोडून देतात. तिथला दोष रुग्णाचा नव्हे, वहीचा. त्यापेक्षा रोज एक-दोन वेळा अचानक येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या बऱ्या.

उपाय लागू पडला का, हे पाहायला वहीत प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण पुरते: आला, कळवून रद्द केले, न कळवता आला नाही. नियम लावण्यापूर्वीचा आणि नंतरचा महिना शेजारी ठेवून पाहावा. तिसरी खूण घटून दुसरी वाढली, तर गाडी रुळावर आहे. तिसरी खूण तीनदा लागलेल्या नावाला आगाऊ वेळ देणे थांबवावे. त्याने त्याच दिवशी फोन करावा, आणि जागा असली तर यावे.