ब्लाउज कधी मिळणार, ते आधी सांगा

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या लेडीज टेलरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर साधारण असा मजकूर झळकतो :

"🙏✨ नमस्कार ✨🙏 कळविण्यास अत्यंत आनंद होतो की दिवाळीनिमित्त आमच्याकडे सर्व प्रकारचे ब्लाउज, पंजाबी ड्रेस, मुलींचे फ्रॉक, फॉल-पिको, अल्टरेशन उत्तम दर्जात, माफक दरात व वेळेवर करून मिळेल!!! धमाका ऑफर!!! त्वरा करा!!! एकदा अवश्य भेट द्या. जास्तीत जास्त शेअर करा 🙏🙏"

एवढं सगळं वाचूनही कापड कधीपर्यंत द्यायचं आणि ब्लाउज कधी मिळायचा, हे काही कळत नाही.

मुळात हे स्टेटस बघतं कोण? सर्वसाधारणपणे दुकानदाराकडे ज्यांचा नंबर सेव्ह आहे आणि ज्यांनी दुकानाचाही नंबर सेव्ह केलेला आहे, त्यांनाच ते दिसतं. म्हणजे बहुतेक जुन्या गिऱ्हाइकांनाच. त्यांना दुकान ठाऊक आहे आणि तिथं फॉल-पिको होतं हेही ठाऊक आहे. त्यामुळे 'एकदा अवश्य भेट द्या' आणि कामांची यादी खुशाल काढून टाकता येते. 'माफक दर' तर कोणीच वाचत नाही. आपले दर महाग आहेत असं कुठला टेलर लिहिणार?

उरते ती तारीख. ती लिहायची तर आधी मशीनवर हिशेब मांडावा लागतो. समजा दुकानात दोन मशिनी आहेत आणि दिवसाला अस्तराचे सहा ब्लाउज हातावेगळे होतात. ४ नोव्हेंबरला माल द्यायचा आणि २५ ऑक्टोबरला कापड घेणं थांबवायचं, तर मध्ये नऊ दिवस मिळतात. साप्ताहिक सुट्टी वजा जाता आठ, म्हणजे ४८ ब्लाउज. त्यातला एक दिवस वीज जाण्यासाठी आणि फिटिंगच्या दुरुस्तीसाठी राखला की ४२. २५ तारखेच्या संध्याकाळी शिवायचे ब्लाउज याहून जास्त उरणार असतील, तर शेवटची तारीख अलीकडे ओढायला हवी. 'वेळेवर' या शब्दामागे हा हिशेब नसला की दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकानात भांडणं होतात.

हिशेब झाला की मजकूर आपोआप आटोपशीर होतो :

"दिवाळीचे ब्लाउज : कापड २५ ऑक्टोबरपर्यंत घेऊ. ४ नोव्हेंबरला तयार मिळतील.
अस्तराच्या साध्या ब्लाउजची शिलाई ४५० रुपये, अस्तर तुमचे.
मापाचा ब्लाउज सोबत आणा. सुती अस्तर धुऊन आणा.
वेळ ११ ते ८, सोमवारी बंद."

दर एकाच, सर्वांत जास्त शिवल्या जाणाऱ्या कपड्याचा दिला आहे. पॅड, लटकन, पैठणीचे काठ जोडणं यांचे दर कापड बघूनच ठरतात. त्यांची यादी देत बसलं की अक्षरं बारीक होत जातात आणि चष्मा शोधण्याआधीच स्टेटस पुढे सरकतं. अस्तर धुण्याची सूचना मात्र ठेवलीच पाहिजे. कोरं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, आणि ब्लाउजला चुण्या पडल्या की बोल टेलरलाच लागतो.

फोटो टाकायचा तर स्वतः शिवलेल्या ब्लाउजचा, हॅंगरवर, दिवसाच्या उजेडात काढलेला. इंटरनेटवरून उचललेला मागचा गळा दाखवला की गिऱ्हाईक तोच, तसाच मागतं. फोटो उभा असावा. त्यावर मजकूर लिहायचा तर मधल्या भागात. वर नाव आणि खाली उत्तराची चौकट येते, तिथली तारीख झाकली जाते. ब्लाउज गिऱ्हाइकाचा असेल तर आधी विचारावं.

आता प्रश्न किती वेळा टाकायचं याचा. स्टेटस २४ तासांनी नाहीसं होतं म्हणून काहीजण दिवसातून सात-आठ चिकटवतात, शिवाय तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवरही ढकलतात. कंटाळलेलं गिऱ्हाईक स्टेटस म्यूट करतं आणि दुकानदाराला त्याची खबरही लागत नाही. 'किती जणांनी पाहिलं' हा आकडा हळूहळू उतरतो, एवढंच. दिवसाला एक स्टेटस पुरतं, आणि तारखेच्या स्टेटसची पुनरावृत्ती आठवड्यातून दोनदा केली तरी चालते. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मात्र ते आवर्जून टाकावं.

मजकूर जमला की नाही, हे येणाऱ्या उत्तरांवरून कळतं. "ताई, अर्जंट मिळेल का?" असंच चार जणी विचारत असतील, तर तेवढी एक ओळ वाढवावी : "अर्जंट काम दिवाळीनंतरच." आणि ४२ चा आकडा २३ तारखेलाच गाठला, तर जुनं स्टेटस त्याच संध्याकाळी काढून नवं टाकावं : "दिवाळीचे काम भरले. नवे कापड १२ नोव्हेंबरपासून घेऊ."