तीन डावांत एक हूल

टेक्सस होल्डेम प्रकारच्या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हाती दोन बंद पानं असतात आणि टेबलावर पाच पानं सगळ्यांसाठी उघडी होतात. समजा, पहिली तीन उघडली ती बदामचा राजा, बदामची सत्ती आणि इस्पिकची नव्वी. मग चौकटची दुर्री आली आणि शेवटी किलवरची चौकी. तुमच्या हातात एक नव्वी आहे, म्हणजे नव्व्यांची जोडी झाली. समोर एकच गडी उरला आहे. मध्ये १०० चिप्स जमल्या आहेत आणि तो आणखी १०० पुढे सरकवतो.

त्याच्याकडे राजा असेल तर तुम्ही हरलात. तो दोन बदामं धरून पाचव्या बदामाची वाट बघत बसला असेल, तर ते बदाम आलंच नाही आणि त्याच्या हाती कचरा आहे. तुमची जोडी कचऱ्याला हरवते आणि राजाला हरते. अशा मधल्या पानांवर खेळणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो, हा खरं खेळतोय की हूल देतोय?

तीन पत्ती खेळत मोठी झालेली माणसं इथे समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. समोरचा गडी पुरेसा तयार असेल, तर त्याच्या चेहऱ्यात काहीच सापडणार नाही. त्याहून मजेची गोष्ट अशी की, त्याने आपली हूल देण्याची सवय तुम्हाला आधीच सांगून टाकली, तरी तुमचा काही फायदा होणार नाही. हे कसं, ते हिशेब मांडूनच पाहावं लागेल.

हीच परिस्थिती १०० वेळा आली असं धरू. त्यांतल्या ५० वेळा त्याच्याकडे राजा आहे आणि ५० वेळा कचरा. तुमच्याकडे दरवेळी नव्व्यांची जोडी. तो फक्त राजा असतानाच पैसे लावतो, असं तुम्हाला कळलं, तर तुम्ही त्याने पैसे लावले की पानं टाकाल. त्याला ५० वेळा मधले १०० मिळतील, एकूण ५,०००. कचरा घेऊन तो गप्प बसेल तेव्हा मधले पैसे तुमचे.

आता तो दुसऱ्या टोकाला गेला आणि कचऱ्यावरही दरवेळी पैसे लावू लागला. हे लक्षात येताच तुम्ही दरवेळी त्याची पानं बघाल. राजा असताना त्याला मधले १०० आणि तुमचे १०० मिळतील, ५० वेळांचे १०,०००. कचऱ्यावर लावलेले १०० मात्र ५० वेळा जातील, म्हणजे ५,०००. हाती पुन्हा ५,०००च. कधीच हूल न देणारा आणि सदा हूल देणारा, दोघांची कमाई सारखी!

मधला रस्ता बघू. कचऱ्याच्या ५० डावांपैकी २५ डावांत तो हूल देतो. म्हणजे एकूण ७५ वेळा पैसे लावले, त्यांतली ५० खरी आणि २५ खोटी. तुम्ही दरवेळी पानं टाकलीत, तर त्याला ७५ वेळा १०० मिळतात, ७,५००. दरवेळी बघितलंत, तर राजाचे १०,००० मिळतात आणि हुलीचे २,५०० जातात, पुन्हा ७,५००. कधी बघितलंत, कधी टाकलीत, तरी आकडा तोच. तुम्ही काय करता याचा त्याच्या कमाईशी संबंधच उरला नाही. इंग्रजी पुस्तकं याला ‘इनडिफरन्स’ म्हणतात. आपल्याला ‘बघा किंवा टाका, सारखंच’ एवढं पुरे.

२५च का? तुमच्या बाजूने बघा. बघायला १०० लागतात आणि जिंकलात तर २०० मिळतात. म्हणजे तीनपैकी एकदा जिंकलात की तुमची बरोबरी होते. त्याने नेमकी तीनपैकी एकच हूल ठेवली, की तुमचा नफा-तोटा शून्यावर येतो. ४० वेळा हूल दिली असती, तर तुम्ही सतत बघून त्याला ६,०००वर आणलं असतं. १० वेळाच दिली असती, तर सतत पानं टाकून तुम्ही तेच केलं असतं. तुम्हाला उदासीन करून सोडणं हा त्याचा हेतू नसतोच मुळी. तुम्ही कितीही शहाणपण केलंत तरी आपली कमाई खाली येऊ नये, एवढंच तो बघतो.

हे प्रमाण रकमेवर ठरतं. मध्ये १०० असताना त्याने ५० लावले, तर तुम्ही ५० देऊन १५० मिळवू बघता. तिथे चारांत एक हूल बसते. २०० लावले, तर २०० देऊन ३००, म्हणून पाचांत दोन. मोठ्या रकमेमागे हुली जास्त असाव्यात, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. २०१७ साली पिट्सबर्गच्या कॅसिनोत ‘लिब्रेटस’ या संगणक प्रोग्रामने चार मुरलेल्या खेळाडूंना १ लाख २० हजार डावांत हरवलं, तेव्हा मधल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम लावण्याची त्याची तऱ्हा त्यांना सर्वांत जड गेली.

सारखंच आहे म्हणून तुम्ही बेफिकीर झालात, तर मात्र फसाल. तुम्ही कायम पानं टाकता असं दिसलं, की तो पन्नासच्या पन्नास हुली देईल आणि १०,००० नेईल. कायम बघता असं दिसलं, तर हुली बंद करून राजावर तेवढेच काढेल. त्याची हूल १०० घालून १०० मिळवते, म्हणून तुम्ही निम्म्या वेळा बघितलंत, की त्याच्या हुलीचा फायदा शून्य होतो. दोघंही असे एकमेकांना बांधून ठेवतात. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ साली दोन खेळाडूंच्या अशा खेळांचं गणित सिद्ध केलं आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरच्या ब्लफवर सविस्तर लिहिलं.

टेबलावर बसून निम्म्या वेळा हूल द्यायची कशी, हा अडचणीचा भाग. मनाने ठरवायला गेलं, तर माणूस नुकतीच पकडली गेलेली हूल विसरत नाही आणि पुढचे चार डाव मुकाट बसतो. म्हणून ठरवण्याचं काम पानांवर सोपवतात. अमुक पानांचा कचरा आला तर हूल, तमुक आला तर नाही, हे आधीच पक्कं करायचं. कोणी घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघतात. काटा पहिल्या अर्ध्या मिनिटात असेल तर पैसे लावायचे.

वरचा हिशेब दोन गड्यांचा आणि शेवटच्या पानानंतरचा आहे. आणखी पानं यायची असतील, तर आजचा कचरा उद्या बदामांचा फ्लश होऊ शकतो, म्हणून तिथे जास्त हुली परवडतात. तिसरा गडी आला, की एवढी पक्की हमी राहत नाही. आणि तीनांत एकचं प्रमाण समोरचा तुमच्या चुका टिपणारा आहे, असं धरून काढलेलं आहे. मांडवीतल्या कॅसिनोत सुट्टीला आलेला, पैसे भरलेत तर पानं बघूनच जाणार असा पाहुणा समोर असेल, तर त्याच्याविरुद्ध हेच प्रमाण पाळणं म्हणजे शंभर डावांत ७,५००वर समाधान मानणं. एकही हूल न देता, फक्त राजावर पैसे लावून, तो तुम्हाला १०,००० देतो.